अनपेक्षित पैसावाढ आणि अपूर्ण माहितीचा पुरवठा वक्र: सरावातल्या प्रश्नाची उकल

सरावाच्या उत्तरपत्रिका तपासल्या. या प्रश्नात बहुतेकांचे सूत्र बरोबर होते, पण पैशाची अनपेक्षित वाढ त्यांनी पुरवठा वक्रातल्या b या गुणकाने सरळ गुणून टाकली. आकडेमोडीत चूक नाही. सूत्रामागे काय घडते ते मनात पक्के बसलेले नाही, म्हणून आधी तेच पाहू.

खुर्च्या बनवणारा सुतार डोळ्यांसमोर आणा. खुर्चीचा भाव त्याला रोज कळतो, बाकी बाजारातले भाव उशिरा कळतात. आज खुर्चीला अपेक्षेपेक्षा ५ टक्के जास्त मिळाले. खुर्च्यांनाच मागणी वाढली असेल, तर जास्त काम करण्यात फायदा आहे. पण सगळेच भाव ५ टक्क्यांनी चढले असतील, तर हातात आलेल्या जास्तीच्या पैशांत आधीइतक्याच वस्तू येणार आणि जादा श्रम फुकट जाणार. यातले खरे कारण कोणते, हे त्याला दिसत नाही. तो अनुभवाने अंदाज बांधतो. सापेक्ष भावांचे प्रचरण Vr आणि सर्वसाधारण भावपातळीचे प्रचरण Vp असेल, तर अनपेक्षित वाढीपैकी Vr ÷ (Vr + Vp) एवढा वाटा तो आपल्या मालाच्या खात्यावर मांडतो आणि तेवढ्यापुरतेच उत्पादन वाढवतो. अपेक्षित भाववाढीचा गोंधळ होत नाही, ती त्याने आधीच धरलेली असते.

अशा उत्पादकांसाठी एकमेकांची खबर नसलेल्या बेटांचे रूपक एडमंड फेल्प्स यांचे. रॉबर्ट लुकास यांनी १९७२ मध्ये त्याला विवेकी अपेक्षांची जोड देऊन पूर्ण प्रतिमान उभे केले. सगळ्या उत्पादकांची बेरीज केली की पुरवठा वक्र मिळतो:

Y = Y* + b(P − Pᵉ), b = α × Vr ÷ (Vr + Vp)

Y हे प्रत्यक्ष उत्पादन, Y* हे नैसर्गिक उत्पादन, P ही प्रत्यक्ष आणि Pᵉ ही अपेक्षित भावपातळी. α म्हणजे आपल्या मालाचा सापेक्ष भाव १ टक्का वाढला असे वाटल्यास उत्पादक किती टक्के जास्त उत्पादन करतो ते. सर्व चले लॉगमध्ये आहेत, म्हणून फरक टक्क्यांत वाचायचे. (मी मुद्दाम ‘भाववाढ’ म्हणतो आहे. ‘चलनवाढ’ म्हटले की पैशाची वाढ आणि भावांची वाढ एकमेकांत मिसळतात, आणि इथे तोच फरक महत्त्वाचा आहे.)

प्रश्न. α = ०.८, Vr = ९, Vp = ३. पैशाचा चलनवेग स्थिर आहे. नैसर्गिक वाढीचा दर ३ टक्के असून यंदाचे नैसर्गिक उत्पादन ५,००० एकके आहे. गेल्या वर्षी उत्पादन नैसर्गिक पातळीवरच होते. लोकांनी पैशाची वाढ ७ टक्के धरली होती, प्रत्यक्षात ती ११ टक्के झाली. (अ) भाववाढ आणि उत्पादन काढा. (आ) वाढ ११ टक्के होणार हे आधीच जाहीर होऊन लोकांनी त्यावर विश्वास ठेवला असता तर? (इ) Vp = २७ असते तर?

(अ) b = ०.८ × ९ ÷ १२ = ०.६. अपेक्षित भाववाढ = ७ − ३ = ४ टक्के. अनपेक्षित पैसा ११ − ७ = ४ टक्के. घसरण होते ती इथे. चलनवेग स्थिर असल्याने हे ४ टक्के भाव आणि उत्पादन यांच्यात विभागले जातात. अनपेक्षित भाववाढ x मानली, तर उत्पादनातली जादा वाढ ०.६x, म्हणून

x + ०.६x = ४, x = २.५

प्रत्यक्ष भाववाढ ४ + २.५ = ६.५ टक्के. उत्पादन नैसर्गिक पातळीपेक्षा ०.६ × २.५ = १.५ टक्के जास्त, म्हणजे ५,०७५ एकके. उत्पादनवाढीचा दर ४.५ टक्के. ताळा: ६.५ + ४.५ = ११. ज्यांनी ०.६ × ४ = २.४ लिहिले, त्यांनी पैशातला धक्का म्हणजेच भावातला धक्का असे धरले. तसे धरल्यास भाववाढ ८ आणि उत्पादनवाढ ५.४ येते, बेरीज १३.४ होते. एवढा पैसा आलेलाच नाही.

(आ) अपेक्षित आणि प्रत्यक्ष भाववाढ दोन्ही ८ टक्के. उत्पादन ५,००० एकके, म्हणजे नैसर्गिक पातळीवरच.

(इ) b = ०.८ × ९ ÷ ३६ = ०.२. x = ४ ÷ १.२ = ३.३३. भाववाढ सुमारे ७.३३ टक्के, उत्पादन फक्त ०.६७ टक्के वर, सुमारे ५,०३३ एकके.

(इ) कडे नीट पाहा, मला या प्रतिमानातला सर्वांत सुंदर भाग तोच वाटतो. धक्का तितकाच, पण भावपातळी नेहमीच हेलकावे खात असेल तर सुतार फसत नाही. भाव चढला की ‘सगळेच महागले असणार’ असे तो समजतो. लुकास यांनी १९७३ मध्ये १८ देशांची आकडेवारी घेऊन हीच कसोटी लावली, तेव्हा मागणी फार अस्थिर असलेल्या अर्जेंटिनात उत्पादनाचा प्रतिसाद अमेरिकेच्या तुलनेत नगण्य निघाला.

एक शंका वर्गात विचारली गेली होती: भावांचे निर्देशांक तर दर महिन्याला प्रसिद्ध होतात, मग सुतार वर्षभर अंधारात कसा राहील? शंका रास्त आहे आणि या प्रतिमानावरचा तो गंभीर आक्षेप आहे. अनेक वर्षे चालणारी मंदी निव्वळ या गोंधळाने समजावता येत नाही. परीक्षेत मर्यादा विचारल्यास आधी हीच लिहा.