शिफारसपत्र

पुणे
दिनांक : ८ जानेवारी २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
परदेशी उच्चशिक्षण शिष्यवृत्ती निवड समिती,
पुणे.

विषय : कु. गायत्री दत्तात्रय ढमाले हिच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाबाबत शिफारस

महोदय,

कु. गायत्री ढमाले हिने इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठात ऐतिहासिक वास्तूंच्या संवर्धनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज केला असून त्या शिक्षणाच्या खर्चासाठी ती आपल्या समितीकडे शिष्यवृत्ती मागत आहे. विद्यापीठाला मी इंग्रजीत स्वतंत्र पत्र पाठवले आहे. वास्तुकलेच्या पदवी अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षापासून मी तिला बांधकाम साहित्य व रचना हा विषय शिकवला, पाचव्या वर्षी तिच्या प्रबंधाची मी मार्गदर्शक होते आणि पदवीनंतरच्या दोन वर्षांत जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामांवर ती माझ्याबरोबर होती. मी बावीस वर्षे शिकवते आहे. या काळात संवर्धनासाठी मी फार थोड्या विद्यार्थ्यांची शिफारस केली, कारण या क्षेत्रात लागणारा संयम परीक्षेच्या गुणांवरून कळत नाही, तो कामावरच दिसतो.

तो मला कसा दिसला, हे एका प्रसंगावरून सांगते. प्रबंधासाठी गायत्रीने कसबा पेठेतील एका खासगी वाड्याचे मोजमाप व स्थितीचे सर्वेक्षण हाती घेतले होते. दोन चौकांचा हा वाडा विटांचा आणि सागवानी तुळयांचा असून नदीकडच्या माजघराच्या भिंतीला कमरेच्या उंचीपर्यंत लोणा लागला होता, गिलाव्याचे पापुद्रे सुटत होते आणि त्या भिंतीत शिरलेले दोन तुळयांचे टोक कुजायला लागले होते. वाड्याचे वयोवृद्ध मालक सगळ्यांना एकच सांगत, की १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा पाणी इथवर चढले होते आणि तेव्हापासून ही भिंत सुकलेलीच नाही. भिंतीवर त्यांनी पुराची खूणही जपून ठेवली होती. गायत्रीच्या पहिल्या अहवालात हेच कारण होते, आणि खरे सांगायचे तर मलाही ते पटले होते.

अहवाल दिल्यावर दोन आठवड्यांनी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, पुराची खूण माझ्या खांद्याला लागते, पण लोणा कमरेशीच थांबलाय. हे जुळत नाही." मग जूनपासून नोव्हेंबरपर्यंत दर रविवारी सकाळी ती त्या वाड्यात जात राहिली. भिंतीवर खडूने आखलेल्या चौदा ठिकाणी ती ओल मोजायची, पाऊस किती झाला ते शेजारी लिहायची आणि पन्हळीचे पाणी कुठे पडते ते पावसात उभी राहून पाहायची. दिवाळीनंतर चित्र स्पष्ट झाले. पुरानंतर कित्येक वर्षांनी कुणीतरी भिंतीच्या खालच्या भागाला दोन्ही बाजूंनी सिमेंटचा गिलावा केला होता आणि त्याच सुमारास मागच्या बोळातली फरशी उंच झाल्याने पन्हळीचे पाणी थेट पायाशी मुरत होते. चुन्यातल्या विटांची भिंत ओल घेते तशी ती बाहेरही सोडते. सिमेंटने ती वाट बंद केली की पाणी आत अडकते, क्षार गिलाव्यामागे साठून तो फोडतात आणि लाकडाच्या टोकांना वारा मिळत नाही. गायत्रीने दुसरा अहवाल लिहिला आणि त्याच्या पहिल्याच पानावर नोंदवले, की आधीच्या अहवालातील आपले निदान चुकीचे होते. विद्यार्थ्याने आपली चूक स्वतः शोधून, कुणी न सांगता, गुण मिळणाऱ्या कागदावर लिहिलेली मी त्यापूर्वी पाहिली नव्हती.

त्यानंतर मालकांच्या परवानगीने आठ फूट लांबीच्या पट्ट्यातला सिमेंटचा गिलावा काढून तेथे चुन्याचा गिलावा करण्यात आला. घाण्यात मळलेल्या चुन्याचे काम आयुष्यभर केलेले एक गवंडी तिने मुळशी तालुक्यातून शोधून आणले. ते वजनमापाने सांगत नसत. चुना हातात घेऊन "अजून चिकट नाही" किंवा "आता झाला" एवढेच म्हणत. गायत्री त्यांच्या शेजारी बसून, गूळ आणि हिरड्याचे पाणी किती पडले, चुना किती दिवस भिजला, गिलावा किती दिवस ओला ठेवला, हे वहीत उतरवत राहिली आणि स्वतःही थापीने ठोकून पाहत राहिली. पुढच्या पावसाळ्यात त्या पट्ट्यावर क्षार आले, पण ते ब्रशने झटकता आले आणि गिलावा फुटला नाही. ती वही आता आमच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात वाचली जाते.

यासाठी परदेशी कशाला जायचे, असा प्रश्न समितीने विचारणे रास्त आहे. आपल्याकडे दिल्ली आणि अहमदाबाद येथे संवर्धनाचे चांगले शिक्षण मिळते आणि त्याबद्दल मला आदर आहे. परंतु गायत्रीचा विषय ओल, पूर आणि लाकडी सांगाड्याच्या राहत्या घरांची दुरुस्ती हा आहे. यॉर्क हे ऊझ आणि फॉस या नद्यांच्या संगमावरचे शहर असून तेथील मध्ययुगीन लाकडी घरांत लोक आजही वावरतात. डिसेंबर २०१५ मध्ये त्या शहराने मोठा पूर सोसला. शिवाय जुन्या इमारतीला नवे रूप देण्याऐवजी तिची नेमकी व कमीत कमी दुरुस्ती करावी, हा विचार इंग्लंडमध्ये १८७७ पासून संघटितपणे मांडला आणि आचरला गेला आहे. पुण्यात या विचाराची गरज तातडीची आहे. शनिवारवाडा आणि विश्रामबागवाडा यांना कायद्याचे आणि पालिकेचे संरक्षण आहे, पण पेठांमधले साधे वाडे दर पावसाळ्यात धोकादायक ठरून उतरवले जातात, आणि त्यांतल्या कितींची दुरुस्ती शक्य होती हे तपासायला माणूसच नसतो. ही तपासणी करू शकणारी माणसे मला हवी आहेत.

गायत्रीच्या उणिवाही समितीपुढे ठेवणे माझे कर्तव्य आहे. तिचे काम सावकाश होते. प्रबंधाची आरेखने तिने मुदतीनंतर चार दिवसांनी दिली आणि त्याचे गुण मी कापले. वेल्ह्याच्या मराठी शाळेतून आल्यामुळे इंग्रजीत बोलताना ती सुरुवातीला अडखळते, मात्र तिचे इंग्रजी लेखन स्वच्छ आणि अचूक आहे. तिचे वडील शेतकरी असून कुटुंबाला हा खर्च पेलणारा नाही. मिळालेल्या पगारातून तिने प्रवेशपरीक्षेचे आणि अर्जाचे पैसे स्वतः भरले आहेत.

शिक्षण संपवून पुण्यात परतण्याचा आणि पेठांतील वाडामालकांना दुरुस्तीचा सल्ला देणारे केंद्र सुरू करण्याचा तिचा मानस आहे. त्या केंद्रासाठी आमच्या महाविद्यालयातील प्रयोगशाळा वापरू देण्याचे मी तिला मान्य केले आहे. कु. गायत्री ढमाले हिची मी कोणताही संकोच न ठेवता शिफारस करते. अधिक माहिती हवी असल्यास किंवा प्रबंध, दोन्ही अहवाल व गिलाव्याची वही पाहायची असल्यास मी ती समितीच्या बैठकीत स्वतः घेऊन येईन.

आपली विश्वासू,

प्रा. वसुधा केळुस्कर
वास्तुकला विभाग, पुणे