स्व-मूल्यमापन: वरिष्ठ सुरक्षा विश्लेषक पदासाठी

सध्याचे पद: कनिष्ठ सुरक्षा विश्लेषक, सुरक्षा नियंत्रण कक्ष, महापे, नवी मुंबई
कालावधी: जुलै २०२३ ते जून २०२५
सादर: विभागप्रमुख आणि पदोन्नती समिती

दोन वर्षांपूर्वी मी या कक्षात रुजू झाले तेव्हा माझ्या कामाची चौकट स्पष्ट होती: पाळीत आलेले अलर्ट पाहायचे, रनबुकप्रमाणे तपासायचे आणि ते बंद करायचे किंवा एल-टूकडे पाठवायचे. ते काम मी अजूनही करते. परंतु गेल्या वर्षभरात माझा बराचसा वेळ कोणता अलर्ट मुळात उठावा, तो उठला की पाहणाऱ्याच्या हाती कोणती माहिती असावी आणि कोणता आवाज कायमचा बंद करावा हे ठरवण्यात गेला आहे. वरिष्ठ पदावर अपेक्षित असलेला निर्णयाचा भार मी काही भागांत आधीपासूनच उचलत आहे, असे माझे म्हणणे असून त्याचे पुरावे पुढे मांडत आहे. एंडपॉइंट यंत्रणा बदलण्याच्या प्रकल्पात माझा सहभाग केवळ चाचणीपुरता होता, त्यामुळे त्याचे श्रेय मी येथे घेतलेले नाही.

शोधनियमांचे काम

आपल्या ग्राहकांपैकी सहकारी बँकेसाठी पूर्वी जो रूल चालू होता, तो एकाच खात्यावर थोड्या वेळात अनेकदा चुकीचा पासवर्ड पडला तरच अलर्ट देत असे. पासवर्ड स्प्रेइंगमध्ये, म्हणजे T1110.003 या तंत्रात, हल्लेखोर नेमके उलट करतो: एकच सोपा पासवर्ड घेऊन तो शेकडो खात्यांवर एकेकदा वापरून पाहतो, जेणेकरून कोणतेही खाते लॉक होत नाही आणि प्रति-खाते मोजणी करणारा रूल गप्प राहतो. म्हणून मी मोजणीचा आधार बदलला. आता रूल एका स्रोत-पत्त्यावरून पंधरा मिनिटांत किती वेगवेगळ्या खात्यांवर अपयशी प्रयत्न झाले हे पाहतो.

या कामात मोजणीपेक्षा महत्त्वाचा ठरला तो लॉगचा प्रश्न. आपण केवळ 4625 या नोंदीवर अवलंबून होतो. ती नोंद ज्या यंत्रावर लॉगिनचा प्रयत्न होतो तेथे पडते. कर्बेरॉसमार्फत थेट डोमेन कंट्रोलरकडे गेलेला चुकीचा पासवर्ड मात्र 4771 या नोंदीत, 0x18 या संकेतासह दिसतो. ती नोंद रूलमध्ये घेताना असे आढळले की बँकेच्या एका डोमेन कंट्रोलरकडून अशा नोंदी रोज येत होत्या आणि दुसऱ्याकडून एकही येत नव्हती. पासवर्ड चुकवणारे कर्मचारी सगळीकडेच असतात, त्यामुळे हे शून्य मला समाधानकारक वाटण्याऐवजी संशयास्पद वाटले. तपासाअंती त्या सर्व्हरवर कर्बेरॉस ऑथेंटिकेशन सर्व्हिसच्या अपयशाचे ऑडिटिंगच सुरू नसल्याचे निष्पन्न झाले. बँकेच्या आयटी विभागाने ते त्याच आठवड्यात सुरू केले. त्यानंतर प्रत्येक ग्राहकासाठी, ज्या नोंदी यायलाच हव्यात त्या अचानक थांबल्या तर अलर्ट देणारी स्वतंत्र तपासणी मी सुचवली आणि ती आता सर्व ग्राहकांसाठी लागू आहे.

नवा रूल लागू झाल्यावर सोमवारी सकाळी काही शाखांमधून खोटे अलर्ट येऊ लागले, कारण संपूर्ण शाखेची रहदारी एकाच पत्त्यावरून दिसते आणि पासवर्डची मुदत संपल्यावर अनेक जण एकाच वेळी जुना पासवर्ड टाकतात. शाखांचे पत्ते रूलमधून वगळणे हा सोपा मार्ग होता. तो मी स्वीकारला नाही. शाखेतील खात्यांच्या संख्येनुसार मर्यादा ठरवली आणि जी खाती त्या शाखेची नाहीतच, त्यांच्यावर झालेले प्रयत्न वेगळे मोजले. ग्राहकाच्या लेखी परवानगीने झालेल्या नियंत्रित चाचणीत हा हल्ला रूलने पहिल्याच फेरीत पकडला. त्याच चाचणीत जुना रूल शांत होता.

वगळणुकीच्या बाबतीत मी एक शिस्त आणली आहे, जी मला व्यक्तिशः कोणत्याही एका रूलपेक्षा अधिक उपयोगी वाटते. रात्री चालणाऱ्या व्हल्नरेबिलिटी स्कॅनरमुळे इतके अलर्ट येत असत की त्याचा पत्ताच सर्व रूलमधून काढून टाकण्याची मागणी वारंवार होत असे. परंतु स्कॅनरकडे बहुतेक यंत्रांवर प्रवेश असतो, आणि असे यंत्र हल्लेखोराच्या ताब्यात गेले तर आपण त्याला स्वतःच्या हाताने अदृश्य करून ठेवलेले असते. त्यामुळे आता वगळणूक ठरलेले खाते, ठरलेली वेळ आणि ठरलेले वर्तन एवढ्यापुरतीच दिली जाते. प्रत्येक वगळणुकीला एक जबाबदार व्यक्ती आणि समाप्तीची तारीख असते. तारीख उलटली की वगळणूक आपोआप गळते आणि कोणाला ती हवी असेल तर त्याला पुन्हा कारण द्यावे लागते. रात्रपाळीचा ताण यामुळे जाणवण्याइतका कमी झाला, हे पाळीप्रमुखांच्या मासिक अहवालातही नोंदलेले आहे.

घटना हाताळणी

मागील वर्षी एका उत्पादक ग्राहकाच्या लेखा विभागातील कर्मचाऱ्याला रात्री मोबाइलवर लॉगिन मंजुरीच्या सूचना एकापाठोपाठ येत राहिल्या आणि अखेर त्यांनी त्यातील एक मंजूर केली. एल-टूचे सहकारी त्या वेळी दुसऱ्या घटनेत गुंतलेले असल्याने प्राथमिक नेतृत्व माझ्याकडे आले. केवळ पासवर्ड बदलल्याने आधीच दिलेले टोकन लगेच निष्प्रभ होतील असे गृहीत धरता येत नाही, म्हणून मी प्रथम सर्व सत्रे रद्द करवली, नव्याने नोंदवलेले प्रमाणीकरणाचे साधन काढले आणि त्यानंतर मेलबॉक्सकडे वळले. तेथे देयकांविषयीचे मेल RSS Feeds या फोल्डरमध्ये हलवणारा नियम तयार झालेला होता. हा फोल्डर बहुतेक वापरकर्ते कधीच उघडत नाहीत, हे हल्लेखोरांना ठाऊक असते. यावरून पुढचा उद्देश पैसे वळवण्याचा आहे असा निष्कर्ष काढून मी ग्राहकाच्या वित्त अधिकाऱ्यांना मेलवर न कळवता फोनवर कळवले आणि बँक तपशील बदलाच्या सर्व विनंत्या पुरवठादारांना प्रत्यक्ष फोन करून पडताळेपर्यंत रोखण्यास सांगितले. कोणतीही रक्कम चुकीच्या खात्यात गेली नाही.

२८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार अशा घटनेची माहिती ती निदर्शनास आल्यापासून सहा तासांच्या आत द्यावी लागते. अहवाल ग्राहकाने पाठवायचा असला तरी त्याचा मसुदा आणि घटनाक्रम मी तयार केला व मुदतीच्या बराच आधी त्यांच्या हाती दिला. घटनाक्रम जुळवताना फायरवॉलच्या नोंदी साडेपाच तास मागे असल्याचे लक्षात आले. ते यंत्र यूटीसी वेळ लिहीत होते आणि आपली यंत्रणा ती भारतीय वेळ समजून वाचत होती. त्याच तपासात फायरवॉलचे लॉग १८० दिवस जतन करण्याची याच निर्देशांतील अट पूर्ण होत नसल्याचेही दिसले. दोन्ही बाबी मी घटनेच्या अहवालात न दडपता स्वतंत्र शिफारशी म्हणून मांडल्या, कारण मोठ्या अहवालाच्या तळाशी गेलेली शिफारस कोणी वाचत नाही.

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील रसायन कारखान्याचे प्रकरण आकाराने लहान होते, तरीही निर्णयक्षमतेच्या दृष्टीने त्याचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. तेथील नियंत्रण कक्षातील एका संगणकावर यूएसबीमार्फत आलेली संशयास्पद फाइल सापडली. आपल्या रनबुकनुसार असे यंत्र नेटवर्कपासून लगेच वेगळे करायचे असते. परंतु त्या संगणकावरूनच चालक प्रक्रियेचे तापमान आणि दाब पाहत होते, आणि आपण येथे महाप्यात बसून तो पडदा काळा करणे सुरक्षेच्या नावाखाली धोका निर्माण करण्यासारखे झाले असते. मी पाळीप्रमुखांच्या संमतीने कारखान्याच्या सीमेवरील फायरवॉलमधून त्या यंत्राची बाहेरची रहदारी बंद करवली, यंत्र चालू ठेवले आणि कारखान्याच्या अभियंत्यांनी ठरवलेल्या वेळी ते बदलून घेतले. औद्योगिक यंत्रांसाठीचे वेगळे रनबुक यानंतर मीच लिहिले. त्यातील पहिली पायरी कारखान्याच्या पाळी अभियंत्याला फोन करण्याची आहे.

सहकारी आणि ग्राहकांशी संवाद

माझ्यानंतर रुजू झालेल्या दोन सहकाऱ्यांचे प्राथमिक प्रशिक्षण माझ्याकडे होते. तिकीट बंद करताना काय पाहिले, काय आढळले नाही आणि कोणती गोष्ट आढळली असती तर निर्णय बदलला असता, हे तिन्ही लिहायची सवय मी त्यांना लावली. त्यामुळे त्यांच्या तिकिटांची फेरतपासणी करणे सोपे झाले आहे. पावसाळ्यात ट्रान्स-हार्बर मार्ग ठप्प झाला की पुढची पाळी तासन्‌तास पोहोचत नाही आणि तोंडी हँडओव्हरची संधीच उरत नाही. त्यासाठी मी केलेला लेखी हँडओव्हरचा नमुना आता सर्व पाळ्या वापरतात.

बँकेच्या शाखांसाठीच्या सूचना मी मराठीत, शाखेतील प्रत्यक्ष कामाच्या उदाहरणांसह लिहू लागले: वीजजोडणी तोडण्याची धमकी देणारा संदेश, केवायसी अद्ययावत करण्याच्या नावाखाली आलेली लिंक, लग्नपत्रिका म्हणून पाठवलेली एपीके फाइल. मुख्यालयाच्या इंग्रजी परिपत्रकांना जो प्रतिसाद मिळत नसे तो या सूचनांना मिळाला आणि शाखांमधून संशयास्पद मेल कळवण्याचे प्रमाण वाढले.

जेथे मला अजून शिकायचे आहे

मालवेअरचे सखोल विश्लेषण मला येत नाही. सँडबॉक्सचा अहवाल वाचून त्यातून शोधनियम लिहिणे एवढीच माझी सध्याची मजल आहे. स्मृतीचे फॉरेन्सिक परीक्षण मी वरिष्ठांच्या देखरेखीखालीच केले आहे. क्लाउडमध्ये ओळख आणि मेल यांच्याशी संबंधित घटना मी स्वतंत्रपणे हाताळू शकते, परंतु कंटेनरवर चालणाऱ्या सेवांच्या तपासात मला मदत लागते. यांपैकी कंटेनरचा अभ्यास मी आधी घेणार आहे, कारण आपले दोन ग्राहक त्या दिशेने निघाले आहेत. मालवेअर विश्लेषणासाठी कक्षात सक्षम सहकारी आहेत आणि तेथे माझी घाई नाही.

विनंती

वरिष्ठ पद मिळाल्यास शोधनियमांच्या तिमाही आढाव्याची जबाबदारी अधिकृतपणे माझ्याकडे द्यावी, अशी माझी विनंती आहे. आज हे काम पाळीतून वेळ काढून होते, त्यामुळे मोठी घटना आली की आढावा मागे पडतो. आढाव्यासाठी आठवड्यातील एक दिवस पाळीबाहेर मिळाल्यास पहिल्या तिमाहीत सर्व ग्राहकांच्या वगळणुका तपासून पूर्ण करता येतील. रात्रपाळीतील माझी जागा घेण्यास मी प्रशिक्षित केलेल्या दोघांपैकी एक सहकारी तयार आहे. तिने मे आणि जून महिन्यांत माझ्या उपस्थितीत पाळीचे नेतृत्व केले असून तिची तिकिटे पाळीप्रमुखांनी तपासली आहेत. वर उल्लेखलेले रूल, बदलांचा इतिहास, दोन्ही घटनांचे अहवाल आणि औद्योगिक यंत्रांचे रनबुक कक्षाच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवले असून समितीच्या सदस्यांना तेथे वाचनाची परवानगी दिलेली आहे.