म्हसोबाचा माळ

चार वाजले की रेखा घरून निघायची. सोबत धाकटा बापू, पाण्याची बाटली आणि पावसाचं काही खरं नाही म्हणून खताची रिकामी गोणी. बालाघाटाच्या कुशीतल्या त्या वाडीत रेंज नव्हतीच. डोंगरावर म्हसोबाच्या शेंदरी दगडापासून दहा पावलांवर एक बाभळ होती. तिच्याखाली बसलं की दोन काड्या यायच्या. मोबाइल मांडीवर ठेवला की एक जायची, म्हणून तो छातीशी उंच धरायचा.

2020चा ऑक्टोबर. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचे पेपर मोबाइलवर, पाच ते सहा, 50 प्रश्न. मोबाइल दादांचा. त्यावर फोन आला की नेट जायचं.

चौथ्या दिवशी भूगोल होता. 'मांजरा नदी कोणत्या डोंगररांगेत उगम पावते?' रेखाला हसू आलं. बसलेल्या खडकावर हात ठेवूनच तिनं उत्तर दाबलं. तेवढ्यात मोबाइल वाजला. मुकादम. तिनं फोन कापला. पान गोल गोल फिरत राहिलं, वरचं घड्याळ पळत होतं. पान आलं, 31वा प्रश्न वाचला, पुन्हा मुकादम.

"ताई, घे की. दादा वरडतील," बापू म्हणाला.

"गप बस."

तिनं पाचदा फोन कापला. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल घेऊन दादांनी आजीचं दवाखान्याचं बिल भागवलं होतं, हे तिला ठाऊक होतं. हात कापत होते. 47 प्रश्न झाले आणि वेळ संपली.

उतरायला उठली, तर समोरून धापा टाकत दादा येत होते. पायात चप्पल नव्हती.

"मुकादमाचा फोन आलता?"

"मीच कापला, दादा. पाच येळा."

दादा काही बोलले नाहीत. मोबाइल घेतला, बाभळीखाली उभे राहिले, नंबर लावला. पलीकडचा आवाज रेखापर्यंत येत होता. टोळी भरायची होती, ट्रॅक्टर उद्या दुपारी दोनला वाडीत येणार होता. माय कालपासून भांडी बांधत होती.

"उद्या किती वाजता हाय तुझा?" दादांनी मोबाइलवर हात ठेवून विचारलं.

"पाचलाच. शेवटचा."

दादांनी मोबाइल कानाला लावला. मुकादमासमोर त्यांचा आवाज नेहमी खाली असायचा. आता तो नीट ऐकू आला.

"सातला आणा ट्रॅक्टर. पोरीचा पेपर हाय."

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. दादा ऐकत राहिले. मग म्हणाले, "हां. उचल घेतलीय, फेडीन की. पर सातला."

फोन ठेवून त्यांनी मोबाइल रेखाच्या हातात दिला. अंधार पडायला लागला होता. बापूनं गोणी खांद्यावर टाकली. दादा पुढं झाले आणि वाटेतली काटेरी फांदी उचलून कडेला फेकली.

"उद्या मी बी येतो वर," ते म्हणाले. "मोबाइल धराया."