दिवाळी यंदा 18 दिवस उशिरा आहे, अनारशांची ऑर्डर मात्र दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंतच

नमस्कार ताई, नमस्कार दादा,

त्रिमूर्तीनगरच्या फराळवाल्या काकूंकडून हा मेल आहे. लिहितेय मी, त्यांची सून, कारण ऑर्डरी, हिशोब आणि मोबाईल हे खातं माझ्याकडे, कढई त्यांच्याकडे. गेल्या दिवाळीत तुम्ही आमच्याकडून फराळ घेतला होता, त्यानंतर वर्षभर काही बोलणं नाही. परवा मी जुनी वही काढून बसले होते तर आई म्हणाल्या, "त्यायले विचारून तर पाय, यंदा पायजे का नाई." म्हणून विचारतेय.

घाई करायचं कारण सांगते. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं, यंदा मे-जूनमध्ये अधिक ज्येष्ठ येऊन गेला त्यामुळे सगळे सण पुढे सरकले आणि लक्ष्मीपूजन गेलं थेट 8 नोव्हेंबरला, रविवारी. त्यामुळे सगळे निवांत आहेत, अजून घटस्थापना व्हायचीय, बघू नंतर. चकली-चिवड्याला हे चालतं, ऐन वेळेवर सांगितलं तरी आम्ही करून देतो. अनारशाला नाही चालत जी.

आमचे तांदूळ 22 ऑक्टोबरला भिजणार. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग उपसून सावलीत जरा सुकवायचे, किंचित ओलसर असतानाच दळायचे, चाळून गूळ आणि थोडं तूप घालून मळायचे आणि ते पीठ डब्यात पाच-सहा दिवस मुरत ठेवायचं. त्यात मधे हात घालून लवकर होत नाही काही. मुरायच्या आत तळायला घेतलं की अनारसा तुपात हसतो, म्हणजे विरघळून पसरतो, आणि किलोभर पीठ आणि तूप दोन्ही गेलं. एकदा तांदूळ भिजले की त्यानंतर वाढवता येत नाहीत, म्हणून किती भिजवायचे ते आधी कळायला हवं. ऑर्डर 21 ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री बंद. तळण 1 नोव्हेंबरपासून. (अधिकात जावयांच्या वाणाचे 33-33 अनारसे करून आईंचा हात यंदा चांगलाच बसलाय, हे मी त्यांच्यासमोर म्हणत नाही, लगेच भाव वाढवायला सांगतील.)

भावाचं पण सांगूनच टाकते. तूप, डाळ, खसखस सगळंच महागलं त्यामुळे यंदा अनारसे 800 रुपये किलो, बेसनाचे लाडू 740, करंजी 700, चकली 560. चिवडा मात्र 440च, तो वाढवला की लोक घरीच करतात आणि बरोबरच करतात म्हणा. पण ज्यांनी गेल्या वर्षी घेतलं होतं त्यांना 21 ऑक्टोबरपर्यंत सांगितलं तर जुनाच भाव लावायचा असं ठरलंय: अनारसे 720, लाडू 680, करंजी 640, चकली 520. तुम्ही त्यात आहात, म्हणूनच हा मेल. शेजारच्यांना फॉरवर्ड केला तर चालेल, भाव मात्र त्यांना नवीनच लागेल, नाही तर आमचं गणित कोलमडतं. आणि 2000 रुपयांच्या वर घेतलं तर पाव किलो संत्रा बर्फी आमच्याकडून.

बर्फीवरून आठवलं, उशिरा दिवाळीचा एक फायदा हाच. गेल्या वर्षी ऑक्टोबरात अंबिया बहाराची संत्री नुकतीच कळमन्यात यायला लागली होती, हिरवी आणि आंबट, त्यामुळे तेव्हा आम्ही बर्फी केलीच नव्हती. नोव्हेंबरात काटोल-नरखेडकडचा माल गोडीला येतो, त्या संत्र्याचा गर आटवून खव्यात घालतो, एसेन्स वगैरे नाही, त्यामुळे रंग बाजारच्यासारखा भडक केशरी नसेल. रंग बघून नाक मुरडू नका, एक तुकडा खाऊन बघा आधी. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकते, पार्सलने मात्र पाठवत नाही.

सांबारवडीसुद्धा यंदा आहे. थंडीची चाहूल लागली की सांबार स्वस्त होतो आणि जुडी पण चांगली मोठी मिळते. ती तळून त्याच दिवशी खायची असते, म्हणून फक्त 6 आणि 7 नोव्हेंबरला, संध्याकाळी, आणि फक्त घरून नेणाऱ्यांना. डब्यात भरून दुसऱ्या दिवशी दिलेली सांबारवडी मला स्वतःला आवडत नाही, मग विकायची कशाला.

लेकरं पुण्या-बंगलोरला आहेत अशा घरांसाठी: पार्सल 29 ऑक्टोबरला निघतं. चकली, शेव, शंकरपाळे, लाडू आणि चिवडा जातो. करंज्या वाटेत फुटतात, त्या पाठवायच्या असतील तर तुमच्या जबाबदारीवर, आणि अनारसे तोवर तळलेलेच नसतात त्यामुळे त्यात नाहीत. कुरिअरचा खर्च वजनावर, आधी सांगू, तुम्ही हो म्हटलं की मगच पॅक करू. नाव, पत्ता, पिनकोड नीट लिहा बाप्पा, मुलांच्या फ्लॅटचे पत्ते दर वर्षी बदलतात.

गावात पोचवायचं 4 ते 7 नोव्हेंबर. धरमपेठ, प्रतापनगर, लक्ष्मीनगर, मनीषनगर या बाजूला 1000 च्या वर पैसे नाहीत, नंदनवन, सक्करदरा, महाल, इतवारीकडे 50 रुपये, पोरांना गाडी घेऊन त्या गर्दीतून जावं लागतं दिवाळीत. अर्धे पैसे आधी यूपीआयने, अर्धे डबा हातात आल्यावर.

आधी चव घ्यायची असेल तर नवरात्रात कुठल्याही दिवशी संध्याकाळी 5 ते 8 या घरी, नव्या भाजणीची चकली चालू असेल, चहा पण होईल. फक्त 20 तारखेला, दसऱ्याला नका येऊ, त्या दिवशी दीक्षाभूमीवर बाहेरगावचे लाखो लोक असतात, आमच्याकडे यायचे अर्धे रस्ते वळवलेले असतात, आणि आम्हीही त्या दिवशी गॅस बंद ठेवतो.

ऑर्डर द्यायला वेगळं काही भरायचं नाही, याच मेलला रिप्लाय करून लिहा काय, किती किलो आणि कोणत्या दिवशी. "गेल्या वर्षीचंच" एवढं लिहिलं तरी चालेल, वहीत आहे. तिखट कमी, साखर कमी, मैदा नको असं काही असेल तर तेही लिहा, लाडवाला साखर कमी करता येते, अनारशाचा गूळ नाही कमी करता येत.

आणि यंदा नको असेल, घरीच करणार असाल किंवा दुसरीकडून घेणार असाल, तरी एका ओळीत कळवा, राग नाही. चव, भाव, पॅकिंग, काही खटकलं असेल तर तेही सांगा, मी आईंना वाचून दाखवीन, त्या ऐकतात, थोड्या वेळाने. असे मेलच नको असतील तर "नको" लिहून पाठवा, यादीतून नाव काढते.

नवरात्राच्या शुभेच्छा,
फराळवाल्या काकू आणि सूनबाई
त्रिमूर्तीनगर, नागपूर

ता. क. गेल्या वर्षीचे आमचे दोन-तीन स्टीलचे डबे कुणाकडे तरी राहिलेत, झाकणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे. तुमच्याकडे असेल तर येताना घेऊन या, त्यातच भरून देते.