ऐंशीव्या वाढदिवसाच्या घड्याळासोबतचे पत्र

टिळकवाडी, बेळगाव
१४ डिसेंबर २०२५

तीर्थरूप आजोबांस,
साष्टांग नमस्कार.

आज तुम्हाला ऐंशी वर्षे पूर्ण झाली. सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा आणखी काही महिन्यांनी खानापूरच्या घरी होईलच, पण त्याआधी माझ्या पहिल्या पगारातून घेतलेले हे घड्याळ तुमच्या मनगटावर बघावे, अशी माझी फार इच्छा आहे.

तुमचे जुने एचएमटी मी लहानपणापासून पाहत आले. पहाटे देवपूजेआधी ते मनगटावरून काढून, अंगठा आणि तर्जनीत बारीक खुंटी धरून तुम्ही चावी देत असा; ती कुरकुर ऐकू आली की उठायची वेळ झाली, हे आम्हा नातवंडांना कळत असे. बेळगावला शाळेत जाताना माझी गाडी एकदाही चुकली नाही, कारण तुम्ही फाटकापाशी त्या घड्याळाकडे पाहत माझ्या आधीच उभे असायचे.

म्हणून सेलवर चालणारे न घेता मुद्दाम चावीचेच घेतले आहे. तबकडी पांढरी असून आकडे ठळक देवनागरी आहेत, त्यामुळे चष्मा हाताशी नसला तरी वेळ दिसेल. पट्ट्याला एक जादा भोक पाडून घेतले आहे, कारण गेल्या आजारपणानंतर तुमचे मनगट बारीक झाले आहे. चावी रोज एकाच वेळी द्यावी आणि खुंटी अडली की थांबावे, एवढेच दुकानदाराने सांगितले. ते तुम्हाला सांगायला नकोच.

जुने घड्याळ मात्र कुणाला देऊ नका. ते मला हवे आहे.

आजीस नमस्कार. शनिवारी येते.

तुमची नात,
चिऊ