राजारामपुरीतील चहा-कॉफी फ्रँचायझी: घ्यावी का?

चि. पुतण्यास,

कराराचा मसुदा दोनदा वाचला. आहे त्या अटींवर सही करू नकोस, हे आधीच सांगतो. कारण पुढे मांडले आहे.

प्रवेश फी ६,००,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ७,०८,०००. फर्निचर आणि यंत्रे ११,००,०००. म्हणजे १८,०८,००० रुपये अडकणार. जागेचे डिपॉझिट २,००,००० वेगळे, पण ते परत मिळेल. फीचा पैसा मात्र गेला तो गेला, सहाव्या महिन्यात शटर ओढलेस तरी.

रॉयल्टी ६ टक्के लिहिली आहे, ती ७.०८ धर. आपण गिऱ्हाइकाकडून ५ टक्के जीएसटी घेणार, त्यात इनपुट क्रेडिट मिळत नाही. रॉयल्टीवरचा १८ टक्के कर आपल्याच खिशातून जातो. आणि ही रॉयल्टी विक्रीवर आहे, नफ्यावर नाही.

कंपनी रोजची विक्री १३,००० सांगते. आपण दोघांनी त्याच गल्लीतल्या तशाच दुकानासमोर शनिवार-रविवारसकट आठ दिवस बसून मोजली, ती ९,००० च्या आसपास भरली. महिन्याला २,७०,०००. त्यातून माल ४० टक्के म्हणजे १,०८,०००, रॉयल्टी १९,११६, भाडे ४२,०००, तीन पोरांचे पगार ४५,०००, वीज-गॅस वगैरे १६,०००. उरतात ३९,८८४.

हा नफा नव्हे. करार ५ वर्षांचा, म्हणजे १८,०८,००० हे ६० महिन्यांत वसूल व्हायला हवेत. महिना ३०,१३३. तुझ्या हातात ९,७५१. तू ठेवलेल्या पोराला १५,००० मिळणार आणि मालकाला त्याहून कमी, हे मला पटत नाही. यात कर्जाचे व्याज अजून धरलेलेच नाही. रोज सुमारे ८,४०० च्या खाली विक्री गेली, तर पदरचे घालायचे.

किमान रॉयल्टीचे कलम मला सगळ्यात जास्त खटकते: विक्री असो वा नसो, दरमहा १५,०००. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद होता, माल येणार कुठून? तसा महिना पुन्हा आला तरी कंपनीचे बिल येणारच. हे कलम काढायला लाव.

मुदत ७ वर्षे मागून घे. मग वसुलीचा हप्ता २१,५२४ वर येतो आणि तुझे १८,३६० होतात. रॉयल्टी ४ टक्क्यांवर आणलीस तर फक्त ६,३७२ वाचतात, आणि कंपनी त्याला सहजी तयार होणार नाही. मुदत वाढवायला तिचे काही जात नाही, म्हणून आधी तेच माग.

जागामालक भाडेकरार ३३ महिन्यांचाच करतो म्हणतोय. त्यानंतर त्याने भाडे वाढवले किंवा जागा काढून घेतली, तर फ्रँचायझी हातात आणि दुकान रस्त्यावर. भाड्याची मुदत आणि दरवर्षीची वाढ फ्रँचायझीच्या मुदतीइतकी लिहून घे, मगच कंपनीकडे जा.

हे जमले तर मी जामीन राहीन. शेताचे पैसे त्याआधी मोडू नकोस.

तुझा काका