पाथर्डी फाट्याजवळची जिम: अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

मी नाशिकमध्ये अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे, वय 43. दिवसभर खुर्चीत बसून उजवा गुडघा कुरकुरायला लागला, म्हणून नोव्हेंबर 2024 मध्ये दिवाळी ऑफरमध्ये इथे वर्षाची मेंबरशिप घेतली. 12 हजार आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 14,160. शिवाय तीन महिन्यांचं पर्सनल ट्रेनिंग, 36 सेशन्स, सगळं धरून 18,000. पाचपैकी तीन स्टार देतेय. ते का, हे नीट लिहिते, कारण तीनातले अडीच एकाच माणसाचे आहेत आणि तो माणूस आता तिथे नाही.

माझे पहिले ट्रेनर सर. पहिल्या दिवशी त्यांनी मला एकही वजन उचलू दिलं नाही. बीपी, थायरॉईड, जुनी दुखापत, झोप, सगळं विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. मग कोपऱ्यातून एक प्लास्टिकचा पाइप आणला आणि माझ्या पाठीवर उभा धरला. डोक्याची मागची बाजू, खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, हे तिन्ही पाइपला टेकलेले ठेवून वाकायचं. "ताई, पाठ वाकवू नका, बूड मागे न्या. मागे भिंत आहे असं समजा." पहिल्या दहा वेळा पाइप डोक्यापासून सुटला. चौथ्या दिवशी सुटला नाही, तेव्हा कुठे त्यांनी आठ किलोचं केटलबेल हातात दिलं. डेडलिफ्टला कंबर का दुखते हे मला त्या पाइपने समजावलं.

स्क्वॉटलाही हेच. आधी बाकड्यावर बसून उठायचं, मग बाकडं खाली खाली. गुडघा आत यायला लागला की ते सेट थांबवायचे, मोजलेले आकडे पूर्ण करायचा हट्ट नाही. प्रत्येक वेळचं वजन आणि किती वेळा उचललं हे वहीत. प्रोटीन पावडर घ्या म्हणून एकदाही मागे लागले नाहीत. यंदा श्रावणात तिसऱ्या सोमवारी मी ब्रह्मगिरीची फेरी पूर्ण केली. दोन वर्षांपूर्वी अर्ध्यातून रिक्षाने परतले होते. हे श्रेय त्यांचं आहे आणि ते मी उघडपणे देते.

21 सेशन्स झाल्यावर सर नोकरी सोडून गेले. मला कळलं ते त्या दिवशी, काउंटरवर. दुसरे सर दिले. त्यांना माझी वही दिली तर उघडूनही पाहिली नाही. पहिल्याच दिवशी लेग प्रेसवर 60 किलो लावले आणि मी सेट करत असताना दुसऱ्या दोन मुलांना बेंचवर स्पॉट देत होते, मधूनच वळून "हं, छान" म्हणत होते. पर्सनल ट्रेनिंगचे पैसे त्या एका तासात डोळे माझ्याकडे असावेत म्हणून मोजलेले असतात. चौथ्या सेशननंतर गुडघ्याला सूज आली. चूक माझीही असेल, मी नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणायचं हे कळण्यासाठीच तर ट्रेनर लावलेला असतो.

उरलेल्या 11 सेशन्सचे 5,500 परत मागितले. फॉर्मवर इंग्रजीत बारीक अक्षरात लिहिलं होतं की फी कुठल्याही परिस्थितीत परत मिळणार नाही. मी सही केली होती, ते मान्यच. पण मी सोडून जात नव्हते, ज्यांच्यासाठी पैसे भरले ते ट्रेनर गेले होते. मॅनेजर तोंडी "बघू, बघू" म्हणत राहिले. तीन आठवडे फेऱ्या मारल्यावर मी ईमेल लिहिला: पावती क्रमांक, झालेली सेशन्स, उरलेली सेशन्स, रक्कम. उत्तर नाही. मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक त्याच ईमेलखाली पाठवला. पाचव्या दिवशी फोन आला. हजार रुपये 'प्रोसेसिंग' म्हणून कापून 4,500 खात्यात जमा झाले. ते हजार मी सोडले. मिटलं नसतं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार होते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते.

मेंबरशिप फ्रीज करण्याचंही, म्हणजे काही दिवस थांबवण्याचंही तसंच. मेंबरशिप विकताना "केव्हाही फ्रीज करा ताई" असं सांगितलं. फेब्रुवारीत सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा कळलं की वर्षात एकदाच, तेही 15 दिवस. माझ्या नशिबाने काउंटरवरच्या मुलीने 'एक महिना फ्रीज मिळेल' हे व्हॉट्सॲपवर लिहिलेलं होतं. तो मेसेज दाखवल्यावर 30 दिवस मिळाले.

गर्दीबद्दल. संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ इथे व्यायाम होत नाही, वाट पाहणं होतं. स्क्वॉट रॅक एकच. चार ट्रेडमिल, त्यातली दोन बहुतेक वेळ बंद. एका सोमवारी लॅट पुलडाऊनसाठी मी घड्याळ लावून 14 मिनिटं थांबले. जानेवारीत तर डंबेल ठेवायलाही जागा नव्हती, लोकांच्या पायात पडलेले असायचे. सकाळी सहाला बरं, आणि रविवारी दुपारी हॉल अर्धा रिकामा असतो. मला शिफ्टमुळे जमतं. ज्यांना फक्त संध्याकाळ मोकळी आहे त्यांनी पैसे भरण्याआधी सात वाजता येऊन पंधरा मिनिटं उभं राहून पाहावं.

स्वच्छतेत मात्र नाराज आहे. स्प्रेच्या बाटल्या भिंतीला लावलेल्या आहेत, महिन्यातले अर्धे दिवस रिकाम्या. इनक्लाइन बेंचचं रेक्झिन फाटलंय, त्यावर चिकटपट्टी, आणि पट्टीच्या कडेने आतला फोम घामाने काळा पडलेला. तिथे मी स्वतःचा टॉवेल दुहेरी घालून झोपते. जुलैमध्ये माझ्या दंडावर गजकर्ण उठलं. ते तिथूनच आलं असं मी म्हणणार नाही, पावसाळ्यात कुठूनही येतं. पण त्यानंतर मॅट घरून नेते. बायकांच्या चेंजिंग रूमची कडी दोन महिने तुटलेली होती. आम्ही आळीपाळीने दाराशी उभ्या राहायचो. पाच बायकांनी मिळून लेखी दिल्यावर दुसऱ्या दिवशी बसली. पावसाळ्यात बाहेरचे बूट आत आणू नयेत असा बोर्ड आहे, पण सांगायला कुणी नसतं आणि रबरच्या फरशीवर चिखल वाळलेला असतो. सफाई करणाऱ्या मावशी एकट्या आहेत, सकाळी दोन तास. त्यांचा दोष काहीच नाही. एवढ्या हॉलला संध्याकाळीही माणूस लागतो.

बाकीची मशीन चांगली आहेत, संगीताचा आवाज सांगितल्यावर कमी करतात, पार्किंगला रखवालदार आहे.

फ्रीजचे 30 दिवस धरून माझी मेंबरशिप डिसेंबरमध्ये संपते. रिन्यूअलचा फोन येऊन गेला. मी तीन गोष्टी लेखी मागितल्यात: ट्रेनर बदलला तर उरलेल्या सेशन्सचे पैसे परत, फ्रीज किमान 30 दिवस, आणि बिलावर जीएसटी 5 टक्के, कारण 22 सप्टेंबर 2025 पासून जिमचा दर तोच आहे आणि मला सांगितलेली रक्कम अजून जुन्या 18 टक्क्यांची आहे. "मॅनेजर सरांना विचारून कळवतो" असं उत्तर आलंय. कळवलं की इथेच खाली लिहीन.